रस्ता चुकलेल्याला कोणी शाब्बास म्हणत नाही

ऑनलाइन प्रशिक्षणातल्या प्रश्नमंजुषेत उत्तर चुकलं की पडद्यावर कोणतं वाक्य यावं, यावर मी गेली काही वर्षं बैठकांमध्ये बसते आहे, आणि प्रत्येक वेळी तोच वाद ऐकते आहे. एक बाजू म्हणते, ‘चूक’ हा शब्दच नको, शिकणाऱ्याचा हिरमोड होतो, ‘छान प्रयत्न!’ म्हणा, सोबत हसरा चेहरा टाका. दुसरी बाजू म्हणते, लाड पुरे झाले, चुकलं तर चुकलं म्हणा आणि पुढे चला. मग तडजोड होते. उद्गारचिन्हं दोनाऐवजी एक, ‘अतिशय छान’ऐवजी नुसतं ‘छान’, आणि ते वाक्य इंग्रजीतून मराठीत आणून सगळ्या प्रश्नांना चिकटवलं जातं. साखर दोन चमचे घालायची की एक, एवढीच चर्चा होते; कपात चहा आहे का, हे कोणी बघत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रतिसादाचं वाक्य उत्तराबद्दल असावं, उत्तर देणाऱ्याबद्दल नसावं. पहिल्याच शब्दात बरोबर की चूक ते कळावं, पुढच्या वाक्यात हे उत्तर कुठल्या विचारातून आलं आणि गफलत कुठे झाली ते सांगावं, आणि थांबावं. माणसाला धीर त्यातूनच येतो. चुचकारल्यासारखं वाटतं ते स्तुती जास्त झाली म्हणून नव्हे. ज्याला कोणी विचारलं नव्हतं अशा परीक्षकाने माणसावरच शेरा मारला, म्हणून तसं वाटतं.

याची जाणीव मला झाली ती एका तालुक्याच्या ठिकाणी, आशा सेविकांच्या प्रशिक्षणात. प्रश्न जुलाबाच्या उपचारावर होता: एक वर्षाच्या बाळाला जुलाब होत आहेत, झिंकच्या गोळ्या किती दिवस द्यायच्या? माझ्या शेजारी बसलेल्या ताई पन्नाशीच्या होत्या, गावात दहा-बारा वर्षं काम केलेल्या. त्यांनी ‘जुलाब थांबेपर्यंत’ हा पर्याय निवडला. पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले आणि वाक्य आलं: ‘अरे वा! छान प्रयत्न! पुन्हा प्रयत्न कर!’ ताईंनी फोन थोडा लांब धरला, वाक्य दोनदा वाचलं आणि मला विचारलं, “म्हणजे बरोबर आलं ना?” मी नाही म्हणाले. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “मग ‘अरे वा’ कशाला? आणि हे ‘कर’ कोणाला म्हणतंय?”

त्या दोन प्रश्नांमध्ये अख्खा विषय आला. पहिला प्रश्न खरेपणाचा. त्या वाक्याने उत्तर चुकल्याचं सांगितलंच नव्हतं. त्या पुढच्या प्रश्नावर गेल्या असत्या, तर झिंक जुलाब थांबेपर्यंतच द्यायचं ही समजूत घेऊनच गावात गेल्या असत्या, वर मशीनने वाहवा केल्याची खात्री घेऊन. दुसरा प्रश्न मराठीचा. इंग्रजीतल्या ‘यू’ला वय नाही, लिंग नाही, नातं नाही. मराठीत तोंड उघडलं की नातं ठरतं. ‘तू चुकलास’ की ‘चुकलीस’, ‘तुम्ही चुकलात’ की ‘आपण चुकलात’, हे ठरवल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही. आणि ‘शाब्बास’ हा शब्द तर फक्त उतारावरून वाहतो. थोरल्याने धाकट्याची पाठ थोपटावी, उलट नाही. सासूबाईंना शाब्बास म्हणणारी सून मी अजून पाहिलेली नाही. मग एक ॲप दोन मुलांच्या आईला शाब्बास म्हणतं, तेव्हा ते स्वतःला कोण समजतं?

इंग्रजीतून आणलेल्या प्रत्येक शब्दाची अशीच गत आहे. ‘नाइस ट्राय’ मुळातच इंग्रजीत निसरडं. तिथेही बोलणाऱ्याच्या सुरावर ते कौतुक की टोमणा ते ठरतं, आणि पडद्याला सूर नसतो. त्याचं ‘छान प्रयत्न’ केलं की आणखी एक अडचण उभी राहते. मराठीत प्रयत्न हा जड शब्द आहे. आपण ‘प्रयत्नांती परमेश्वर’ म्हणतो. तीन गोलांपैकी एकावर बोट टेकवणं हा प्रयत्न नव्हे, हे टेकवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे वाक्य आपल्या कानांना फोन न लागल्यावर ऐकू येणारं वाक्य आहे. त्यात धीर कसला? ‘ऊप्स’चं ‘अरेरे’ करतात. अरेरे आपण कोणाचं दूध नासलं, बस चुकली, पीक गेलं तर म्हणतो. त्यात कीव असते. आणि ‘हरकत नाही’, हे तर सर्वांत गोड आणि सर्वांत खोटं. बाळाच्या औषधाचे दिवस चुकले तर हरकत आहे. चांगलीच हरकत आहे. शिकणारीला ते माहीत असतं, म्हणून तर ती प्रशिक्षणाला आलेली असते.

आता गोड बोलणाऱ्यांची बाजू मी हलक्यात काढणार नाही, कारण त्यांच्याजवळ एक खरा मुद्दा आहे. ज्या बाईने शाळा सातवीत सोडली, जिच्या हातात स्मार्टफोन कामापुरता आला, तिच्यासमोर ओळीने तीन लाल फुल्या आल्या तर ती फोन बाजूला ठेवते आणि लेकीला म्हणते, तूच भर. मग उत्तम समजावणारा मजकूरही तिच्यापर्यंत पोचत नाही. हे मी पाहिलं आहे. पण ती कशाला घाबरते, हे नीट विचारलं तर उत्तर वेगळं मिळतं. तिला वाक्याची भीती नसते. गुण कोणाला दिसणार, याची भीती असते. ते गुण पर्यवेक्षकाच्या यादीत जाणार असतील, तर ‘चुका सगळ्यांच्याच होतात’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही, आणि ते तिलाही कळतं. धीर द्यायचाच असेल तर तो रचनेतून द्यावा. सराव आणि परीक्षा वेगळ्या ठेवाव्यात. सरावाचे गुण साठवूच नयेत आणि तसं पहिल्या पडद्यावर स्पष्ट लिहावं. लाल फुली आणि तो ‘टँव’ असा आवाज काढून टाकावा. शेजारणीला ऐकू जातो तो आवाजच. एवढं केलं की वाक्याच्या अंगावरचं ओझं उतरतं आणि ते आपलं खरं काम करू शकतं.

कडक बाजूचंही निम्मं म्हणणं मला मान्य आहे. चूक ही चूक म्हणूनच सांगायला हवी, आणि प्रौढ माणसाला ती पचते. पण पुढचं निम्मं? मूडलसारख्या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीत कोणी काही बदललं नाही, तर चुकलेल्या उत्तराखाली `Your answer is incorrect.` एवढंच येतं. खरं आहे, सभ्य आहे, आणि निरुपयोगी आहे. तीन पर्याय असतील तर शिकणारी दुसरा दाबते, मग तिसरा दाबते, आणि एकदाचं हिरवं येतं. ती काय शिकली? कुठल्या जागेवर दाबल्यावर हिरवं होतं, ते. कडकपणा आणि लाड दोन्ही इथे एकाच ठिकाणी येऊन थांबतात, कारण चूक का झाली याची दखल दोघांपैकी कोणीच घेत नाही.

हा वाद संगणकाइतकाच जुना आहे. 1950च्या दशकात अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी शिकवणारी यंत्रं मांडली. त्यांची कल्पना अशी की धडा इतक्या बारीक पायऱ्यांत तोडायचा की विद्यार्थी जवळजवळ चुकणारच नाही, आणि प्रत्येक बरोबर उत्तरावर त्याला लगेच पावती मिळेल. चूक म्हणजे धडा लिहिणाऱ्याचा दोष. त्याच सुमारास नॉर्मन क्राउडर यांनी, हवाई दलातल्या तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाच्या अनुभवातून, उलट दिशेने विचार केला. यंत्रातला बिघाड शोधायला शिकणारा माणूस चुकणारच. मग त्यांनी अशी पुस्तकं काढली ज्यांत पानं क्रमाने वाचायचीच नसत. पर्याय ‘अ’ निवडला तर अमुक पानावर जा, ‘ब’ निवडला तर तमुक. आणि त्या पानावर नुसतं ‘चूक’ नसे. या उत्तरापर्यंत तुम्ही बहुधा असे आलात, आणि ते इथे अडतं, असं लिहिलेलं असे. आज अनेक प्रणालींत प्रत्येक पर्यायाखाली वेगळा मजकूर लिहायला जी चौकट असते, ती त्याच कल्पनेची वारसदार. आणि बहुतेक अभ्यासक्रमांत ती रिकामी असते. आपण क्राउडर यांचं यंत्र वापरतो आणि त्यात स्किनर यांची पावती भरतो.

स्तुतीने निदान नुकसान तर होत नाही ना, असं विचारणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगायला हव्यात. क्लूगर आणि डीनिसी या दोन संशोधकांनी 1996 साली अभिप्रायावरच्या आधीच्या अनेक प्रयोगांचा एकत्र ताळा मांडला. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होतो, हे दिसलं. पण तिसऱ्या हिश्शाहून जास्त ठिकाणी अभिप्राय दिल्यावर कामगिरी खाली गेली होती. त्यांचा निष्कर्ष असा की अभिप्राय लक्ष कामावरून उचलून माणसाच्या स्वतःकडे वळवतो, तसा त्याचा उपयोग कमी होत जातो. जर्मन मानसशास्त्रज्ञ वुल्फ-उवे मायर यांनी त्याआधीच दाखवलं होतं की सोप्या कामाबद्दल भरघोस कौतुक झालं, तर मोठी माणसं त्यातून उलटा अर्थ काढतात: याला माझ्याकडून एवढीही अपेक्षा नव्हती तर! ताईंच्या कपाळावर आलेली आठी नेमकी हीच होती.

मग चुकलेल्या माणसाशी मराठीत बोलायचं कसं, याचं उत्तर आपल्या भाषेतच पडलेलं आहे. आपण ‘गणित चुकलं’ म्हणतो, ‘रस्ता चुकला’ म्हणतो. चुकतं ते गणित, चुकतो तो रस्ता. माणूस शाबूत राहतो. आणि अनोळखी गावात रस्ता चुकला तर फाट्यावरचा टपरीवाला काय करतो? ‘छान गाडी चालवलीत’ म्हणत नाही. ‘काळजी करू नका, सगळेच चुकतात’ हेही पहिल्यांदा म्हणत नाही. तो विचारतो, “कुठून आलात?” आणि मग सांगतो, “मागे वडाचं झाड लागलं ना, तिथून डावीकडे वळायचं होतं. तुम्ही सरळ आलात, कारण पाटी झाकली गेलीय.” यात अपमान नाही, लाड नाहीत. आपण कुठे वळायला हवं होतं ते कळलं, आणि आपण का चुकलो हे त्याला माहीत आहे, एवढ्यानेच जिवात जीव येतो.

या मदतीतलं ‘वळायचं होतं’ हे क्रियापद मला फार मोलाचं वाटतं. ‘वळायचं’, ‘द्यायच्या’, ‘घालायचं’. यात तू नाही, तुम्ही नाही, स्त्री-पुरुष नाही, आज्ञाही नाही. स्वयंपाकघरात एक बाई दुसरीला कृती सांगते ती याच रूपात: मीठ शेवटी घालायचं. बरोबरीने काम करणाऱ्यांची ही भाषा आहे. मराठीत नातं ठरल्याशिवाय बोलता येत नाही असं मी वर म्हटलं. ही त्यातून निघालेली आपली वाट.

आता तो झिंकचा प्रश्न पुन्हा घेऊ. ‘जुलाब थांबेपर्यंत’ हे उत्तर वेडगळ आहे का? मुळीच नाही. ओआरएस जुलाब थांबेपर्यंतच द्यायचं असतं. दोन्ही एकाच वेळी सुरू होतात, एकाच पिशवीतून निघतात. एकाचा नियम दुसऱ्याला लागला. ताईंना अर्धं बरोबर माहीत होतं, फक्त ते दुसऱ्या औषधाचं होतं. दुसरा चुकीचा पर्याय ‘5 दिवस’ होता. तो निवडणाऱ्या दोघींना विचारलं तेव्हा कळलं की त्या अँटिबायोटिकच्या कोर्सचा हिशेब लावत होत्या. म्हणजे दोन चुका, दोन वेगळे रस्ते. त्यांना एकच ‘छान प्रयत्न’ कसा पुरणार? चौथा पर्याय ‘एकच दिवस’ होता, तो कोणीच निवडला नव्हता. तो आम्ही काढून टाकला. पहिल्या पर्यायाखाली शेवटी हा मजकूर गेला:

```
नाही, 14 दिवस. जुलाब थांबेपर्यंत द्यायचं ते ओआरएस.
झिंक जुलाब थांबल्यावरही चालू ठेवायचं. त्याने पुढचे
2-3 महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते.
```

इंग्रजी आवृत्ती या मराठीचं भाषांतर नाही आणि मराठी इंग्रजीचं नाही. आधी एक टिपण केलं: ओआरएसचा नियम झिंकला लावला आहे, 14 दिवस, कारण पुन्हा होणारे जुलाब. त्या टिपणावरून दोन्ही वेगवेगळी लिहिली.

```
No, it's 14 days. ORS is what you give until the
diarrhoea stops. Zinc carries on after that: it makes
another bout less likely over the next 2-3 months.
```

इंग्रजीत ‘यू’ आलं आहे, आणि ते बिनधास्त येऊ द्यावं. तिथे ते नसतं तर वाक्य सरकारी परिपत्रकासारखं झालं असतं. मराठीत ते नाही, कारण तिथे त्याची गरजच नाही. मराठीतलं सुरुवातीचं ‘नाही’ पाहून एका सहकाऱ्याने विचारलं, हे तोडून बोलल्यासारखं नाही का वाटत? नुसतं ‘नाही’ म्हणून थांबलो असतो तर वाटलं असतं. पण ‘नाही, 14 दिवस’ असं एका दमात म्हटलं की शेजारीण बोलावी तसं ऐकू येतं. शंका असेल तर एकच कसोटी लावावी: वाक्य मोठ्याने म्हणून बघावं आणि विचारावं, हे मी माझ्या वयाच्या, माझ्याच हुद्द्याच्या बाईला तोंडावर म्हणेन का? ‘अरेरे’ या कसोटीला पडतं. नावाने हाक मारण्याचंही तसंच. इंग्रजीत यंत्राने नुसतं नाव घेतलं तर चालून जातं. मराठीत पन्नाशीच्या बाईचं नाव ‘ताई’ न लावता घेतलं की वाक्याचा सूरच उतरतो. यंत्राला ताई, मावशी, सर यातलं काय लावावं ते कळत नाही, तर त्याने नाव घेऊच नये.

बरोबर उत्तरालाही हाच न्याय लागू आहे. ‘शाब्बास!’ने तिथेही काही साधत नाही, कारण अनेकदा बरोबर उत्तर अंदाजाने आलेलं असतं आणि अंदाजाला पाठीवर थाप पडली की शिकणाऱ्याला ते जाणवतं. आम्ही लिहिलं, ‘बरोबर, 14 दिवस. रोज एक गोळी. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी उरलेल्या 11 गोळ्या द्यायच्या.’ जिला येत होतं तिचं ज्ञान एक घर पुढे सरकलं, जिने अंदाज केला होता तिला कारण कळलं. एक जागा मात्र कौतुकाची आहे, आणि ती मी सोडणार नाही. जो प्रश्न कालच्या सरावात चुकला होता तो आज बरोबर आला असेल, आणि प्रणालीला ते कळत असेल, तर तसं म्हणावं: ‘मागच्या वेळी इथे ओआरएसशी गल्लत झाली होती, आज नाही झाली.’ हे कौतुक खरं आहे, पुराव्यासकट आहे, आणि ते ऐकणाऱ्याला उगाच वाटत नाही.

राहिला सर्वांत भक्कम आक्षेप: हे परवडणार कसं? चाळीस प्रश्न, प्रत्येकी तीन चुकीचे पर्याय, म्हणजे 120 वाक्यं, दोन भाषांत 240. ठेका घेतलेल्या माणसाला महिनाभराची मुदत असते. हा हिशेब खोटा नाही. पण हे ओझं मुख्यतः उगाच घातलेल्या पर्यायांचं आहे. एखादा चुकीचा पर्याय कोणी का निवडेल, हे आपल्याला एका ओळीत सांगता येत नसेल तर तो पर्याय भरताड आहे. तो काढावा. चारऐवजी तीन पर्याय ठेवल्याने प्रश्न दुबळा होत नाही. 2005 साली संशोधक मायकेल रॉड्रिग्ज यांनी ऐंशी वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेऊन तीन पर्यायच पुरेसे ठरतात असं दाखवलं. झाली 80 वाक्यं, दोन भाषांत 160. त्यातही पहिल्या तुकडीत वीस-पंचवीस जणींकडून सराव करून घ्यावा, कोणता पर्याय किती जणींनी निवडला ते पाहावं, आणि ज्यावर गर्दी आहे तिथून लिहायला सुरुवात करावी. गर्दी नसेल तिथे आरंभी एक साधं कारण दिलं तरी भागतं. आणि खरं सांगायचं तर वेळ लिहिण्यात जात नाही, विचारण्यात जातो. ‘5 दिवस’ कुठून आलं हे कार्यालयात बसून मला कधीच सुचलं नसतं. त्या दोघींना चहाच्या वेळेत विचारायला पाच मिनिटं लागली.

महिन्याभराने दुसऱ्या तुकडीत नवा मजकूर लावला. एक सेविका त्याच प्रश्नाला त्याच पर्यायावर चुकली. तिने तीन ओळी वाचल्या, फोन मांडीवर ठेवला आणि प्रशिक्षकांना विचारलं, “चौदा दिवस ठीक आहे, पण एवढंसं बाळ गोळी गिळणार कसं? आईच्या दुधात विरघळवून दिली तर चालते का?” चालते, चमच्यात थोडं आईचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी घ्यायचं आणि गोळी त्यात विरघळवायची. हे आमच्या अभ्यासक्रमात कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता तो अठरावा प्रश्न आहे.